ड्रिलच्या जोडावरचा अंगठा

पासष्टीला आले तेव्हा मी फार हुशार होते. त्यानंतर हळूहळू बरी झाले.

नारायण पेठेत आमचं पॉवर टूल्सचं दुकान होतं. ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. काउंटरवर आमचे हे, आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर शेजारच्या स्टुलावर मी. दुकानाचा मोबाइल माझ्या ताब्यात. लोक कुठूनतरी स्वस्तात आणलेल्या मशीनचे फोटो पाठवून विचारत, "ओरिजिनल आहे की डुप्लिकेट?" आणि मी उत्तर देई. ही तज्ज्ञाची पदवी मला कोणी दिली नव्हती, मीच घेतली होती.

शिकवलं मात्र ह्यांनी. बॉडीचे दोन अर्धे भाग साच्यातून निघतात, ते जिथे मिळतात तो जोड बघायचा. चांगल्या मशीनवर तो केसासारखा बारीक असतो. नकली मशीनवर एक बाजू उंच, एक खाली, आणि फटीतून बाहेर आलेल्या प्लॅस्टिकची धार. मग मोटरच्या जाळीच्या फटी. त्यांच्या कडा स्वच्छ हव्यात, आत प्लॅस्टिकचे तंतू लोंबता कामा नयेत. बॉडीवर ब्रशलेस, म्हणजे भारीतली मोटर, असं लिहिलंय आणि फटीतून तांब्याच्या गुंडाळ्यांऐवजी चकचकीत पत्र्याचा डबा दिसतोय, तर विषय संपला. नेमप्लेट शेवटी. व्होल्टच्या आकड्यापुढे डीसीची खूण असते, एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. नक्कल करणारे ती विसरतात, नाहीतर दोन्ही रेघा सरळ छापतात.

हे सगळं ते हाताने बघत. अंगठा जोडावरून फिरवला की निकाल. मी ते फोटोवर आणलं आणि फुशारले. एकदा मोबाइलच्या स्क्रीनवर भिंग धरून बसले होते. नुसते रंगीत ठिपके दिसले. "प्रिंट फारच खराब आहे," असं मी गंभीरपणे जाहीर केलं. नात इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या वर्षी वारज्याच्या एका किचन कॉन्ट्रॅक्टरचे फोटो आले. आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या फिटरच्या हातात कॉर्डलेस ड्रिल धुरावलं होतं. सर्व्हिस सेंटरने मशीन परत केलं, आमच्या कंपनीचं नाही म्हणाले. कॉन्ट्रॅक्टरचा लगेच फोन.

"काकू, फोटो बघा. तुमच्याकडून नेलेलं हेच का?"

मी बघितलं. जोडावर धार. जाळीच्या दोन फटी प्लॅस्टिकने अर्ध्या बुजलेल्या. डीसीच्या दोन्ही रेघा सरळ. एवढं स्वच्छ प्रकरण क्वचित मिळतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

"छे! हे आमचं नव्हेच," मी म्हटलं. "आमच्या दुकानातून असलं जात नाही."

"मग बदललं त्याने. ओरिजिनल विकलं आणि हे आणून ठेवलं. ठीक आहे, बघतो त्याच्याकडे."

फोन ठेवून मी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी फिटर स्वतः दुकानात आला. विदर्भातला, तिशीचा. पिशवीतून जळकं ड्रिल काढून त्याने काउंटरवर ठेवलं.

"आजी, तुमीच सांगितलं ना जी, मशीन बदललं म्हणून?"

"मी म्हटलं, ते डुप्लिकेट आहे."

"असंल. पण मी नाही बदललं जी. देलं तेच वापरलं. कामावरून काढलं मले. मालक म्हणते, सगळ्या ठेकेदारायच्या ग्रुपवर माहा फोटो टाकतो. मंग पुण्यात कोण काम देईन?"

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. पुणेरी दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. हे शेजारी स्क्रूड्रायव्हर पुसत होते. पुसून झालेला पुन्हा पुसत होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की फोटोवरून मशीन खोटं आहे एवढंच कळतं. ते कधीपासून खोटं आहे, हे कळत नाही. कॉन्ट्रॅक्टरने दुसरं विचारलं आणि मी पहिल्याच्या जोरावर उत्तर दिलं. बिलावर आम्ही फक्त मॉडेल लिहीत असू, मशीनचा नंबर नाही, त्यामुळे त्याचाही उपयोग नव्हता.

"मशीन दिलं त्या दिवशी फोटो काढला होता का रे?" मी विचारलं.

"काढते ना मालक. तुमच्याइथून आणलं का समोरच खोकं उघडते, हातात मशीन देते अन् फोटो काढते. सगळ्यायचाच."

मी कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. "तो फोटो पाठवा. साधा नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीकसारीक सगळं पुसट होतं."

"काकू, आता काय बघायचं राहिलंय?"

"मला हौस आहे असं समजा."

फोटो आला. नवा कोरा टी-शर्ट घातलेला फिटर, लग्नात उभा असल्यासारखा ताठ, छातीशी ड्रिल. जाळीची बाजू नेमकी कॅमेऱ्याकडे. मी मोठं केलं. दोन फटी अर्ध्या बुजलेल्या. उरलेल्या फटींतून फ्लॅशच्या उजेडात पत्रा चमकत होता.

दिलं त्याच दिवशी ते खोटं होतं. म्हणजे आमच्याकडून गेलं तेच खोटं.

मी फोन ह्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत दिला.

"फोटोत काय कळतंय," ते म्हणाले. "माल नव्या डीलरचा होता. खोकी सीलबंद होती. पण मी प्रत्येक मशीन उघडून बघतो. तुला माहितीये."

"मग हे बघा ना."

त्यांनी ड्रिल उचललं. मुठीपासून जाळीपर्यंत अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"लागत नाही काही," ते म्हणाले. "जोड चांगला आहे."

मी ड्रिल घेतलं आणि त्याच जागेवरून अंगठा फिरवला. धार इतकी होती की कातडी अडकली.

त्यांची साखर बरीच वर्षांची. पावलांना मुंग्या येतात हे मला ठाऊक होतं. बोटांचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आणि मी रोज शेजारच्या स्टुलावर बसून परक्या लोकांच्या मशीनवरची धार शोधत होते.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"गेल्या दिवाळीच्या आधीपासून असेल." त्यांनी हात काउंटरखाली घेतला.

फिटर आमच्याकडे बघत होता. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो म्हणाला, "आजी, पाणी देऊ का बाबाले?"

मी गप्प राहिले असते तर कुणाला कळणार नव्हतं. हा विचार मला आला, आणि चांगला घरच्यासारखा ऐसपैस बसला. दुकानाचं नाव, ह्यांचं नाव, झालंच तर माझी ती पदवी. तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, लिही त्याला. मशीन आमच्याकडूनच तसं गेलं. फिटरचा काही संबंध नाही. मालाची तपासणी मी केली होती, हेही लिही."

"ते कशाला?"

"लिही."

मी दोन्ही फोटोंवर जाळीभोवती लाल गोल काढले आणि सगळं लिहून पाठवलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "ओके. त्याला उद्या यायला सांगा." काकू हा शब्द त्यात नव्हता. तो माणूस आमच्या दुकानात पुन्हा आला नाही.

फिटरला मी निरोप सांगितला. त्याने मान डोलावली, पिशवीची घडी केली, आणि ह्यांच्या पाया पडायला वाकला. हे मागे सरकले.

तो गेल्यावर मी त्या डीलरची उरलेली खोकी मांडणीवरून खाली काढली. एकेक मशीन उघडून मी जोडावरून बोट फिरवत होते आणि लागलं की बाजूला ठेवत होते. हे स्टुलावर बसून, माझ्या हाताकडे न बघता, प्रत्येक वेळी विचारत होते, "लागलं?"