थोरलीचा टाक

गोजरबाईला मंद्रूपला बोलावलं होतं ते साक्षीदार म्हणून. धाकटा सावत्रभाऊ बिरुदेव यानं हे फोनवर इतक्या वेळा सांगितलं, की तिला राग यायचाही थांबला. "अक्का, आयचं सोनं अन् भांडीकुंडी वाटायची हायत. तुजा वाटा न्हाय, पर सही लागंल की."

वाटा नव्हताच. नुकतीच वारलेली म्हाळसाबाई तिची सावत्र आई. तिच्या सोन्यावर हक्क तिच्या पोटच्या तिघांचा: सोलापुरात चादरीच्या कारखान्यात असलेला जोतिराम, मेंढरं राखणारा बिरुदेव आणि नातेपुत्याला दिलेली पूनम. हे गोजरबाईला मान्य होतं. तरी वेळापूरच्या घराला कुलूप लावताना तिचा जीव एकाच वस्तूत अडकला होता.

गोजर वर्षाची असताना तिची आई तापानं गेली. बापानं दुसरं लग्न केलं आणि रीतीप्रमाणे मेलेल्या बायकोचा सोन्याचा टाक घडवून नव्या नवरीच्या गळ्यात बांधला. नखाएवढा पत्रा, त्यावर मांडी घालून बसलेली बाई. गेलेल्या सवतीनं घराला त्रास देऊ नये म्हणून तिला असं गळ्यात वागवायचं, रोज हळदकुंकू लावायचं आणि मगच तोंडात घास घालायचा. आईचा फोटो नव्हता. गोजरच्या लेखी आई म्हणजे तो टाक. पण बोट लावायला गेली की म्हाळसाबाई झटक्यात पदर ओढून घ्यायची. सकाळी चुलीपुढं बसून टाक मुठीत धरायची आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटायची. ती आपल्या आईला शिव्या घालते, अशी गोजरची खात्री होती. माणसं ठेव जपतात तशी तिनं ही खात्री साठीपर्यंत जपली.

घरात पाऊल टाकलं तेव्हा म्हाळसाबाईची बाज भिंतीला उभी केलेली होती, तरी हळदीचा वास तिथंच होता. घोंगडीवर स्टीलच्या ताटात दागिने मांडले होते आणि कडेला टाक. गोजरबाई त्याच्याकडे पाठ करून बसली. पाठीला कुणीतरी बघतंय असं वाटत राहिलं, म्हणून ती पुन्हा वळून बसली.

भांड्यांची वाटणी आधी झाली. हंडे, पराती, डबे यांचे तीन ढीग केले. पितळ काट्यावर तोलून सारखं केलं. जातं कुणालाच नको होतं, मात्र शिट्टी हरवलेल्या कुकरवरून दोघे भाऊ असे तंडले की बघणाऱ्याला वाटावं आत सोनं शिजतंय. शेवटी निवृत्त ग्रामसेवक बसलिंगप्पा ओरडले, "कुकर पूनमला! फुडं चला." सगळ्या भावंडांच्या विश्वासातले म्हणून त्यांना मध्ये घातलं होतं.

मग चन्नप्पा सोनारानं काटा मांडला. प्रत्येक डागिना कसोटीवर घासून कस पाहिला. बोरमाळेचे मणी आतून लाखेनं भरलेले. तिचं वजन धरताना लाख वजा केली. "घडणावळ धरायची न्हाय, निव्वळ सोनं धरायचं. अन् तिघांना एकच आजचा भाव," तो म्हणाला. बसलिंगप्पा कच्च्या कागदावर उतरवत गेले. बोरमाळ एक वाटा, पाटल्या दुसरा. पुतळ्यांची माळ तिसरा. पण ती हलकी भरली.

"हिच्यात टाक घाला. बरुबर हुतंय," चन्नप्पा म्हणाला.

जोतिरामनं घसा खाकरला. सवतीचा टाक घरी नेणं म्हणजे मेलेल्या बाईला गाडीत बसवून नेणं, हे शहरात राहूनही त्याला चांगलं ठाऊक होतं. चिठ्ठ्या टाकल्या. पूनमच्या हाताला तिसऱ्या वाट्याची लागली; ती तिनं वाचली आणि घोंगडीवर टाकून दिली.

"माळ घेते. टाक न्हाय न्यायची मी. चन्नप्पाकाका, वितळवा त्यो, पैसं द्या."

चन्नप्पानं टाक चिमटीत धरला. आईला एकदा तापानं नेलं होतं, आता मुशीत घालणार होते. "नगं!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की दारातलं कोकरू बिचकलं. "एवढी कशाला भेतीस गं पूनम? काय केलंय माज्या आईनं तुला?"

"तिनं न्हाय केलं, आयनं केलं!" पूनमचे डोळे भरले. "रोज सकाळी त्या टाकासंगं बोलायची. मी शेजारी बसून ऐकायची. 'थोरले, गोजर जेवली. थोरले, गोजर भाकरी थापाय शिकली.' तू सासरी गेलीस, मी बी गेले, तरी माह्यारी आले की तेच. 'गोजरचा डोळा दुखतुया. गोजरला नातू झाला.' तापानं फणफणले हुते, तवा बी माजं नाव न्हाय घेतलं तिनं. माजी आय, अन् तुजा हिशेब द्यायची त्या मेलेलीला! मला न्हाय ते घरात पायजे."

चुलीपुढचे ते हलणारे ओठ गोजरबाईला दिसले आणि पहिल्यांदाच त्यांतले शब्द ऐकू आले. आपण इतकी वर्षं त्या बाईवर दात धरला, याची तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. म्हाळसाबाई अजून इथंच कुठंतरी पदर सावरत बसली आहे, असं वाटलं.

तिनं कानांतल्या कुड्या काढल्या. लग्नात म्हाळसाबाईनंच घातलेल्या. "ह्या तोला. पूनमला ह्या द्या, टाक मला."

चन्नप्पानं मोती काढून कुड्यांचं सोनं तोललं. टाकापेक्षा थोडं जास्त भरलं.

"ऱ्हाऊ द्या की वरचं," गोजरबाई म्हणाली.

"न्हाय ऱ्हात," बसलिंगप्पा म्हणाले. "कागदावर वाजवी वाटप लिवलंय. वरच्या सोन्याचं पैसं पूनमनं रोख द्यायचं." मग त्यांनी साक्षीदारांतलं तिचं नाव खोडलं. "अदलाबदल करणारी साक्षीदार कशी चालंल? तू आता पक्षकार. वर ये."

शेजारच्या बसव्वाला आणि तिच्या नवऱ्याला साक्षीला बोलावलं. दुपारी स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप झाला: वजन, कस, भाव, कुणाला काय मिळालं, टाकाची अदलाबदल, दिलेली रोख. बसलिंगप्पांनी सगळ्यांना वाचून दाखवला. तिघांनी सह्या केल्या. त्यांच्या खाली, साक्षीदारांच्या वर, गोजरबाईनं नाव लिहिलं. या घराच्या कागदावर ते कधी त्या जागी आलं नव्हतं.

प्रत्येकाला एकेक प्रत मिळाली. निघताना पूनमनं कुड्या कानांत घातल्या होत्या. आयच्या हातचं काहीतरी आपल्याला मिळालं, असं ती कुणाकडेच न बघता म्हणाली. गोजरबाईनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

वेळापूरला सकाळी तिनं टाक देव्हाऱ्यापुढं उजेडात धरला. इतक्या जवळून ती पहिल्यांदाच बघत होती. मांडी होती, खांदे होते. तोंडाच्या जागी काहीच नव्हतं. नाक, डोळे, ओठ, सगळं म्हाळसाबाईच्या अंगठ्यानं हळदकुंकू लावून लावून पुसून नेलं होतं.

गोजरबाई बराच वेळ रडली. मग तिनं बोट कुंकवात बुडवलं, त्या गुळगुळीत जागी टेकवलं आणि टाक मुठीत धरला. काय सांगायचं ते तिला कळत होतं.

"आई," ती पुटपुटली, "धाकटी गेली गं. लई शिणली हुती. तितं आली असंल, तर तिला जेवाय वाढ."