फादर ख्रिसमस आणि लायनीपलीकडची रूबी

"आपण आपल्यातच बरे." इंजिन ड्रायव्हर क्लॅरेन्स ड्रमंडच्या तोंडी हे वाक्य कायम असे. खडगपूरच्या पुढच्या त्या जंक्शनवर वाफेच्या शिट्टीइतकंच ते सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

वाक्य त्याच्या बापाचं, आजाचंही. पणजोबा कंपनी सरकारच्या फौजेतला स्कॉटिश सार्जंट, पणजी तेलुगू मुलखातली. तिला जातीनं वाळीत टाकलं. मुलांना साहेबानं दूर सारलं. आई इथली म्हणून फौजेत ढोल वाजवण्यापलीकडे नोकरी मिळेना. इकडचे घरात घेत नव्हते, तिकडचे क्लबात. मग असल्याच घरांनी असल्याच घरांशी सोयरीक केली. पुढे रेल्वे आली. इंग्रजी बोलणारी, भरवशाची माणसं हवी म्हणून साहेबानं याच पोरांना इंजिनं दिली, गार्डाच्या शिट्ट्या दिल्या, लायनीअलीकडे क्वार्टर्स, शाळा, चर्च आणि नाचाचं इन्स्टिट्यूट दिलं. एकाच गल्लीत जन्मायचं, तिथंच लग्न लावायचं, इंग्लंड न बघता त्याला 'होम' म्हणायचं. भिंतीवर सार्जंटची तसबीर असे, पणजीची नसे. रविवारच्या जेवणात मात्र तिचं तिखट मिरी-पाणी आणि पिवळा भात कधी चुकला नाही.

क्लॅरेन्सची धाकटी बहीण डोरीन टेलिफोनवर कामाला होती. तिनं तारखात्यातल्या निशिकांत घोषालशी लग्न केलं आणि ती लायनीपलीकडे बाजारात राहायला गेली. तिची रूबी यंदा सहा वर्षांची झाली.

नाताळच्या आधी इन्स्टिट्यूटच्या समितीत प्रश्न निघाला, रूबीला नाताळच्या झाडाखाली बोलवायचं का?

सेक्रेटरी, गार्ड बर्टी लेमॉस म्हणाला, "अरे मॅन, वंश बापाकडून. कायद्यातही तसंच लिहिलंय. आपल्या गल्लीतल्या हॅरीनं तमिळ बाई केली, त्याची पोरं आपली. डोरीनची घोषालची. आज एक घेतली तर उद्या नोकऱ्याही वाटून द्याव्या लागतील. मग आपण उरलो कुठं?"

क्लॅरेन्सला पणजी आठवली, तिखट पाणी आठवलं. पण आपली क्वार्टर आणि थोरल्या मुलाची फायरमनची जागाही आठवली. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं हात वर केला, नकाराच्या बाजूनं.

दरवर्षी फादर ख्रिसमस इंजिनवर बसून यायचा आणि तो क्लॅरेन्सच असायचा. यंदाही लाल झगा, कापसाची दाढी लावून, झालर बांधलेल्या इंजिनमधून तो उतरला. पोरं ओरडली. झाडाखाली एकेकाचं नाव पुकारत तो खेळणी देऊ लागला. कुलकुलाचे तळलेले गोड शंख खाऊन तेलकट झालेले हात पुढे येत होते.

कुंपणापलीकडे डोरीन उभी होती. तिनं बोट धरलेल्या रूबीनं पिवळा फ्रॉक घातला होता, आणि तो फ्रॉक क्लॅरेन्सनंच गेल्या वाढदिवसाला गुपचूप पाठवलेला होता. रूबीनं त्याच्या मनगटावरचा भट्टीच्या चटक्याचा डाग ओळखला आणि ती किंचाळलीच, "मामा! माझं नाव घे ना!"

बर्टीनं खाकरून त्याच्याकडे बघितलं.

दाढीआडून क्लॅरेन्स म्हणाला, "कुणाची गं पोर तू?"



डोरीन हसली. ओठ तेवढे हलले. "चल रूबी. चुकून दुसऱ्याच कुणाला हाक मारलीस. तुझा मामा इथं नसतो." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "क्लॅरी, आपल्या पणजीलाही असंच विचारलं असेल, नाही? कुणाची गं तू म्हणून."

ती मुलीला घेऊन पुलाकडे निघाली.

क्लॅरेन्सच्या हातात एक बाहुली उरली होती. ती त्यानं स्वतःच निवडली होती, कुणासाठी ते मनाशीही न म्हणता. पुढचं नाव पुकारायचं होतं. त्यानं पुकारलं नाही.

"क्लॅरी! अरे कुठं? मुलं वाट बघतायत!" बर्टी ओरडला. "हा पूल ओलांडलास तर माघारी यायचं तोंड राहील का तुला?"

लाल झगा सावरत, बाहुली छातीशी धरून क्लॅरेन्स फाटकातून बाहेर पडला आणि लायनीवरच्या पुलाच्या पायऱ्या चढू लागला. माफी मिळेल असं त्याला वाटत नव्हतं. मिळावी असंही धड वाटत नव्हतं. पाय मात्र थांबेनात.

कुंपणाशी गर्दी करून कॉलनीची पोरं बघत होती, व्हरांड्यातून बर्टी बघत होता, इंजिनमधून कोळशानं काळा झालेला फायरमन बघत होता. पुलाच्या पलीकडच्या टोकाला डोरीन मागे न वळता उतरत होती. तिचं बोट धरलेली पिवळ्या फ्रॉकातली रूबी तेवढी मान वळवून, वर चढणाऱ्या त्या लाल माणसाकडे बघत राहिली.