साडेबारा एमबीची भिंत

आमच्या कार्यालयात हुशार माणसं फार. एवढी हुशार की चार महिने एक फाइल वर चढत नव्हती आणि त्याचं कारण सोडून बाकी सगळं त्यांनी शोधून काढलं. मी तिथं आवक-जावक सांभाळायचो. प्रत्येक शहाणपणाचा कागद माझ्या हातून गेला आहे, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे.

रुपा आडे आमच्याकडे तांत्रिक सहायक होती. सेनगावकडच्या एका तांड्यावरची. वडील अमरसिंग शेती करायचे. पोरीनं हिंगोलीत डिप्लोमा केला आणि ठेकेदारामार्फत आमच्याकडे लागली. अकरा महिन्यांची नेमणूक, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. अशी नऊ वर्षं. या नऊ वर्षांत तिला कोणी 'मॅडम' म्हटलं नाही. प्रिंटरमध्ये कागद अडकला की 'रुपा', प्रिंटर चालू झाला की कोणीच नाही.

गावोगावचे जुने जमिनीचे नकाशे स्कॅन करून खात्याच्या अंतर्गत संकेतस्थळावर चढवायचं काम आमच्याकडे आलं. मोठाले, घडीवर फाटलेले कागद. एकेक स्कॅन तीस-चाळीस एमबीचा. स्कॅनरवर संतराम बसायचा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, शांत माणूस, कागदाला लेकरासारखा हात लावणारा. पहिले दोन महिने काम सुरळीत चाललं. मग एक दिवस अपलोड अर्ध्यात तुटायला लागले. पट्टी सरकत जायची, मध्येच थांबायची आणि पडद्यावर यायचं, कनेक्शन रिसेट झालं. पुन्हा करा, पुन्हा तेच. पत्रं, पावत्या, लहान फाइली मात्र बिनतक्रार चढायच्या.

विभागप्रमुख रविंद्र मगर यांनी तातडीनं बैठक बोलावली. तातडीनं म्हणजे तीन आठवड्यांनी. बैठकीत ठरलं की हिंगोलीचं नेट खराब आहे. हे ठरवायला चहा आणि दोन प्लेट भजी लागली. नेटवाल्यांना पत्र गेलं. त्यांनी येऊन तपासलं, लाइन ठीक असल्याचं लिहून दिलं. मग दुसरी बैठक. त्यात ठरलं की संतरामला काम येत नाही.

संतरामला कारणे दाखवा नोटीस मीच नेऊन दिली. प्रगती असमाधानकारक, असं लिहिलेलं. त्यानं ती दोनदा वाचली, घडी केली, खिशात ठेवली.

"मी काय चूक केली हो?" त्यानं विचारलं. "बटन दाबतो, तेच तर दाबतो."

मीही त्या दिवशी मान खाली घालून परत आलो. शहाण्यांच्या यादीत माझंही नाव लिहा.

नोटीस कमी पडली म्हणून मगर साहेबांनी तोडगाही काढला. स्कॅनमधला बारकावा कमी करा, शंभर डीपीआयवर करा, फाइल दहा एमबीच्या आत आणा. फाइल चढली. तक्त्यात प्रगतीचा आकडा चढला. साहेबांनी वर कळवलं की अडचण दूर झाली. नकाशावरचे गट क्रमांक मात्र पुसट झाले. तीनचा आठ दिसायचा, बांधाची रेघ दुसऱ्या बांधात मिसळायची. आणि चढवून झालेल्या गावांचे मूळ कागद पेट्यांत भरून मुख्यालयाच्या भांडाराकडे रवाना व्हायचे. एकदा तिकडं गेलेला कागद पुन्हा बघायला मिळणं म्हणजे नवसानंच.

रुपानं तो पुसट नकाशा बघितला तेव्हा मी तिथं होतो. कनेरगाव नाक्याकडच्या एका गावाचा होता. तिनं पडदा मोठा केला, आणखी मोठा केला.

"संतरामकाका, हा गट त्र्याण्णव का अठ्ठ्याण्णव?"

"कागदावर त्र्याण्णव हाय."

"आणि हिथं कोण सांगणार? कागद तर जाऊन राहिला."

ती साहेबांकडे गेली. परत आली तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. साहेब म्हणाले होते, "तुझं काम केबल बघायचं, धोरण बघायचं नाही."

मग तिनं केबलच बघितली. तिच्या पद्धतीनं. तीन फाइली तयार केल्या, आत काहीही नसलेल्या, फक्त वजनाच्या. एक वीस एमबीची, एक पंचवीसची, एक पन्नासची. एकेक चढवली आणि मला तिची वही घेऊन शेजारी बसवलं.

"कुठं थांबली ते लिहा, दादा."

वीसची जवळपास बासष्ट टक्क्यांवर तुटली. पंचवीसची पन्नासवर. पन्नासची पंचवीसवर. मी लिहिलं आणि मख्खासारखा बघत राहिलो.

"गुणाकार करा ना."

केला. तिन्ही वेळा साडेबाराच्या आसपास. एवढं गणित तिसरीतल्या पोरालाही येतं. चार महिन्यांत दोन बैठका झाल्या, पण कोणाला सुचलं नाही. सुचायला आधी बघावं लागतं.

"अजून एक," ती म्हणाली. "वेळेवर तुटतंय का वजनावर, ते कळलं पाहिजे."

सेनगावच्या शाखेत लाइन फार मंद. तिथल्या ओळखीच्या माणसाला तिनं तीच पन्नासची फाइल चढवायला सांगितली. आमच्याकडे ती काही सेकंदांत तुटायची, तिथं तीन मिनिटं रेंगाळली. पण तुटली पंचवीस टक्क्यांवरच.

"म्हणजे घड्याळ न्हाई," रुपा म्हणाली. "कोणीतरी वजन मोजून राहिलंय. साडेबारा भरलं की दार आपटतंय."

आता दारं दोन होती, हे तिनंच मला समजावलं. आमच्याकडून निघालेली फाइल मुख्यालयात आधी वेब फायरवॉलकडे जाते. आत काही घातक तर नाही ना, हे ते तपासतं. मग प्रॉक्सीकडे, म्हणजे पुढं पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे, आणि तिथून मूळ अॅप्लिकेशनकडे. कितीपर्यंतची फाइल घ्यायची ही मर्यादा दोन्ही दारांवर लावता येते.

अॅप्लिकेशन बनवणारी कंपनी पुण्याची, प्रॉक्सीही तिच्याकडेच. तिथल्या इंजिनियरला तिनं फोन लावला. "प्रॉक्सीवर फाइलची मर्यादा किती आहे?"

"शंभर एमबी," तो म्हणाला. "आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही." हे वाक्य ते लोक बहुधा झोपेतही म्हणत असावेत.

"मानते. फक्त लॉग बघा. तुमच्या दारानं नाकारली असती तर फाइल फार मोठी आहे अशी नोंद पडली असती, आणि चारशे तेरा हा एररचा आकडा आमच्याकडं आला असता. अकरा बेचाळीसला माझी फाइल आली का तेवढं सांगा."

बराच वेळ कीबोर्डचा आवाज. मग तो म्हणाला, "या वेळेला अपलोडची नोंदच नाही. ना घेतल्याची, ना नाकारल्याची."

"म्हणजे तुमच्या दारापर्यंत पोचलीच न्हाई. बराबर?"

"तसं दिसतंय." आवाज जरा उतरला होता.

राहिलं फायरवॉल. ते मुख्यालयाच्या सुरक्षा शाखेकडे. रुपानं मेल केली. उत्तर आलं, त्या दिवशी हल्ल्याची कोणतीही नोंद आढळली नाही, सबब तक्रार निकाली. या 'सबब'वर माझी बत्तीस वर्षं गेली आहेत. त्याच्यापुढं सहसा कोणी जात नाही.

रुपानं परत लिहिलं. मेल मी वाचली आहे. आठ ओळी, एकही विनंती जास्तीची नाही. हल्ल्याच्या नोंदी बघू नका, आकाराची मर्यादा ओलांडली म्हणून तोडलेल्या जोडण्या बघा. हा आमचा पत्ता, ही वेळ, ही तीन वजनं. प्रत्येक वेळी साडेबारा एमबीवर तुटते, वेगाचा संबंध नाही. प्रॉक्सीच्या लॉगात नोंद नाही. खाली तिनं पूर्ण नाव लिहिलं, आणि प्रत मगर साहेबांना न देता थेट मुख्यालयाच्या संचालकांना लावली.

साहेब खवळले. तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "तुझी लायकी काय, वर पत्र लिहितेस? ठेक्यावरची बाई. अकरा महिने संपले की काय करशील?"

"तांड्यावर जाईन. हळद काढीन," ती म्हणाली. "पण त्या नकाशाचा आकडा चुकला तर दोन भाऊबंद कोर्टात उभे राहतील, साहेब. ते कुठं जातील?"

सगळ्यांनी आपापल्या फायली उघडल्या. मीही उघडली.

दुसऱ्या दिवशी सुरक्षा शाखेतून फोन आला. कोणीतरी तरुण मुलगी होती, सरळ बोलणारी. फायरवॉलवर मजकूर तपासायची मर्यादा एक कोटी एकतीस लाख सात हजार दोनशे बाइट होती. म्हणजे बरोबर साडेबारा एमबी. तयार सेटिंग येते तशीच ठेवलेली. मर्यादा ओलांडली की उत्तर न देता जोडणी तोडायची, असा नियम. नोंद वेगळ्या लॉगात पडत होती, आणि तो कोणी उघडत नव्हतं. आधी हे फायरवॉल फक्त बाहेरच्या संकेतस्थळांपुढं असायचं, चार महिन्यांपूर्वी आतल्यांपुढंही आणलं. तसं परिपत्रक निघालं होतं.

ते परिपत्रक मी माझ्या फायलीतून काढलं. पोच म्हणून सही होती रविंद्र मगर यांची. अर्थात वाचायला सही लागत नाही, आणि सहीला वाचणं.

आता साहेबांना जोर चढला. "मग काढून टाका ते फायरवॉल! सांग त्यांना, आमच्यापुरतं बंद करा."

"बंद काहून?" रुपा म्हणाली. "चोर येतो म्हणून दार असतं. फक्त अपलोडच्या त्या एकाच पत्त्यावर मर्यादा साठ करा. बाकी सगळीकडं आहे तशी राहू द्या. आणि त्या पत्त्यावर फक्त आपल्या कार्यालयांनाच जाता येईल एवढं बघा."

तसंच झालं. त्या मुलीनं नियम बदलला, रुपानं चाळीस एमबीचा नकाशा लावला. पट्टी पंचवीस टक्क्यांवर गेली, बत्तीस टक्के झाले, म्हणजे साडेबारा ओलांडले, आणि ती पुढं सरकतच राहिली. संतराम खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. शंभर टक्के झाले तेव्हा तो बाहेर जाऊन तोंड धुऊन आला.

एवढ्यावर कोणीही थांबलं असतं. रुपा थांबली नाही. पुसट स्कॅन होऊन पेट्यांत गेलेल्या एकोणीस गावांची तिनं यादी केली आणि मूळ कागद परत मागवायचं पत्र तयार केलं. मगर साहेबांनी सही नाकारली. सही केली तर आपणच दिलेला शंभर डीपीआयचा आदेश चुकला होता हे लेखी होणार होतं. पत्र तीन दिवस टेबलावर पडून राहिलं. चौथ्या दिवशी संचालकांच्या कार्यालयानं फोन करून विचारलं की एकोणीस गावांचं काय. यादीची प्रत रुपानं त्यांना आधीच लावली होती. साहेबांनी सही केली.

पेट्या टेंपोनं परत आल्या. संतरामनं एकोणीस गावं पुन्हा स्कॅन केली, पूर्ण बारकाईनं. त्याची नोटीस कोणी मागं घेतली नाही. फक्त नोटिशीबद्दल बोलणं थांबलं, आमच्याकडे न्याय एवढाच असतो. सव्वीस जानेवारीला तांत्रिक अडचणीवर कल्पकतेनं मात केल्याबद्दल मगर साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. टाळ्या वाजल्या. रुपा मागच्या रांगेत माइकची वायर धरून उभी होती, कारण ती सैल होती आणि बघायला दुसरं कोणी नव्हतं.

मार्चमध्ये तिची मुदत संपली. ठेकेदारानं नाव पुढं पाठवलं नाही. का ते विचारायची गरज नव्हती. एप्रिलमध्ये मुख्यालयाच्या सुरक्षा शाखेनं तिला बोलावून घेतलं. तेही ठेक्यावरच, पण तिथं तिला टेबल आहे आणि तो लॉग आता रोज उघडला जातो. जाताना ती वही मला देऊन गेली, तीन वजनं आणि तीन टक्के लिहिलेली. आमच्याकडे तिच्या जागी साहेबांचा भाचा लागला आहे. प्रिंटर बंद आहे.