पाण्यातून गाळलेला धूर

सिगारेट सोडून महिना झाला होता. सिगारेट खरंच सुटली का हे फुंकरीतून तपासूनच हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख ठरणार होती, म्हणून मी डॉक्टरीणबाईंच्या यंत्रात विजयी वीरासारखी फुंकर मारली. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या दिवसांपेक्षाही जास्त निघाला!

"अहो, सकाळी काय ओढलंत?"

"खराडीला भाच्याकडे तासभर हुक्का. पण पाण्यातून गाळलेला!"

"पाण्याने धूर थंड होतो, शुद्ध नाही. कोळशातून येणारा हा वायू पाण्यात अडकत नाही. शिवाय तासाभरात एका सिगारेटच्या कितीतरी पट धूर आत जातो."

थंड लागला म्हणून मी तो कौतुकाने छातीभर ओढला होता!

ऑपरेशन पुढे गेलं. बायको फोनवर नातेवाइकांना कारण रंगवून सांगत होती आणि मी हर्निया धरून हसू आवरत होतो.