मांडीच्या तुकड्याची तक्रार

लवू सुर्वे आगबोटीवर भंडाऱ्याच्या, म्हणजे मुख्य आचाऱ्याच्या, हाताखाली पंधरा वर्षं राबला होता. मांस हुंगल्याशिवाय चुलीवर चढवायचं नाही आणि कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही, या दोन सवयी त्याच्या अंगी मुरल्या होत्या. बायको येसू म्हणायची, "अहो, तुमी देवाच्या परसादाचापण वास घेताव!"

असा हा माणूस रत्नागिरीत सुट्टीवर असताना फसला. शनिवारी मांडवी बंदरावर तो मुंबईच्या बोटीची चौकशी करायला गेला. भूक लागली, म्हणून बंदराजवळच्या खानावळीत शिरला. मालक मुंबईला, कारभार मॅनेजर भागोजी बघायचा. बोट येण्याच्या घाईत कोंबडीचं ताट पुढ्यात आलं. मांडीचा तुकडा हाडाशी लालसर होता, ते त्याने पाहिलं. पण उपाशी होता, खाल्ला.

रविवारी पहाटे पोटात मुरडा उठला. मग वांत्या, जुलाब आणि ताप. दुपारपर्यंत वाडीत बोभाटा झाला, लवूला पटकी लागली! शेजारच्या गोदाने विहिरीवरून येसूला परत पाठवलं. "तुमच्या घरात काय हाय ते कळू दे आधी."

सोमवारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं. ताप आणि मुरडा पाहता हे पटकीसारखं वाटत नाही, अर्धवट शिजलेल्या मांसाने झालं असावं, पण खात्रीने सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. एवढ्याने वाडी ऐकणार नव्हती. शिवाय पंधरा दिवसांत लवूला बोट धरायची होती. पटकीचा संशय नावावर राहिला, तर बोटीवर कोण घेणार?

बुधवारी ताप उतरताच त्याने कागद घेतला.

"रा. रा. भागोजीराव, खानावळ मॅनेजर, यांस सप्रेम नमस्कार. शनिवारी दुपारी एकच्या सुमारास मी आपल्याकडे कोंबडी व भाकरी खाल्ली. मांडीचा तुकडा आतून कच्चा होता. रात्री घरी भाताची पेज घेतली, तीच बायकोने घेतली, तिला काही झालं नाही. रविवारी पहाटे पाचाला मुरडा, सहाला वांती, संध्याकाळपर्यंत नऊ जुलाब व ताप. सोमवारी डॉक्टरांस दाखविलं. मंगळवारी जुलाब कमी, आज बुधवारी ताप नाही. त्या दिवशी कोंबडी आणखी कोणी खाल्ली व कोण आजारी पडलं, हे लेखी कळवावं. आठवड्यात उत्तर न आल्यास नगरपालिकेस अर्ज करीन."

दोन दिवस उत्तर आलं नाही. शुक्रवारी दारात एक बाई उभी राहिली. खानावळीत स्वयंपाक करणारी सोनूबाई. चेहरा ओढलेला, हातात नारळ.

'पाठवली,' लवूच्या मनात आलं. 'चिठ्ठी मागे घ्या, म्हणून.'

"भागोजीने धाडलंन तुला?"

"नाय. त्याला ठाव नाय." ती ओटीवर बसली. "मीपण रविवारपासून पडल्येय, भाऊ. उरलेली मांडी मीच खाल्लेली. बोटीचा भोंगा झाला, भागोजी म्हणाला, उतर टोप. मी उतरली."

लवूने डोळे बारीक केले. "मग इतके दिवस गप का?"

"काम जाईल म्हणून. पण तुमच्या येसूला पाणी भरू देत नायत, हे बाजारात ऐकलं. पटकी म्हणतायत, मग मलापण म्हणतील."

तरी त्याचा विश्वास बसेना. त्याने उलटसुलट विचारलं: मुरडा कधी, ताप कधी, आणखी काय खाल्लंस? सोनूबाईच्या सांगण्यात वेळ बरोबर जुळत होती. शेवटी येसूच म्हणाली, "पुरे आता. बाईला बसवत नाय हाय."

दुसऱ्या दिवशी तिघं मिळून खानावळीत गेली. भागोजी आधी उसळला. "वरच्या हॉटेलवाल्याने पैसे चारले काय तुला?" मग सोनूबाईकडे लक्ष गेलं आणि तो थंडावला.

"हिला काढू नका," लवू म्हणाला. "ही काढली, तर नगरपालिकेत हिची जबानी पहिली. मला फक्त कागद हवा."

भागोजीने टाक शाईत बुडवला. त्याने लिहून दिलं: 'शनिवारची कोंबडी घाईत उतरवली होती, ती खाऊन आमची स्वयंपाकीणही रविवारी आजारी पडली.'

तो कागद लवूने विहिरीवर उभं राहून वाचला. गोदाने बाजूला सरून येसूला वाट दिली. लवूला मात्र भागोजीच्या सहीखाली तारीख नाही, हे दिसलं. तो तसाच चालत परत खानावळीकडे निघाला.