भाज्यांची नावं आणि कुत्र्याची मान

हे गेल्यानंतर सात महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की आमच्या कुत्र्याने बऱ्याच दिवसांत मान तिरकी केली नव्हती. पूर्वी ह्यांनी ‘वांगं’ म्हटलं की त्याची मान डावीकडे कलायची. मग तो टोपलीतून चिंधीचं अस्वल घेऊन यायचा. नवं खेळणं घरात आलं की त्या दिवशी जी भाजी शिजली असेल तिचं नाव हे त्याला देत आणि आठवडाभर तेच शिकवत. अशी अकरा खेळणी होती.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, मुक्या जिवालाही कळतं. दुःखात आहे तो.” मला वाटलं, तो बहिरा होतोय.

इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी त्याच्या कानात दिवा घालून पाहिलं. पाठीमागे किल्ल्या वाजवल्या. त्याने लगेच वळून पाहिलं.

“कान ठीक आहेत,” त्या म्हणाल्या. “आवाज नसतानाही मान वाकडीच राहिली असती तर मला काळजी वाटली असती. घरी त्याच्याशी काय बोलता?”

“फारसं काही नाही.”

“मग तो कशावर मान तिरकी करणार? त्याच्या ओळखीचं काही बोला.”

मी ‘वांगं’ म्हणाले. मान डावीकडे कलली.

“म्हणजे काय?”

“एक भाजी.”

“आणि हा शाकाहारी आहे?”

मी हसले. मग विचारलं, “त्याला माझ्या नवऱ्याची आठवण येत असेल?”

“ते मला सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “ओळखीचा शब्द ऐकून तो लक्ष देतो, बहुधा शब्द आणि वस्तू यांची सांगड घालतो. विचित्र, नवा आवाज आला तरी कुत्री असं करतात. आवाज कुठून येतो ते नीट कळावं म्हणून, किंवा स्वतःच्या लांब नाकाआड लपलेला माणसाचा चेहरा दिसावा म्हणून, असंही म्हणतात. शिवाय आपण कौतुक करतो, तेही त्यांना आवडतं. नक्की कारण अजून कोणाला माहीत नाही.”

घरी आल्यावर मी टोपली ओतली. अकरांपैकी सहा नावं मला येत होती. उरलेली पाच फक्त ह्यांना माहीत होती, आणि कदाचित कुत्र्याला. ती लिहून ठेवायला हवीत, असं आम्हा दोघांनाही कधी सुचलं नव्हतं.

मी जमिनीवर बसून एकेक भाजी उच्चारू लागले. ‘घोसाळं’ म्हटल्यावर मान कलली, पण तो जागचा हलला नाही. त्याला तो शब्द नुसताच नवा असावा. ‘कारलं’, ‘फरसबी’ यांवर काहीच नाही. ‘पडवळ’ म्हटल्यावर मान डावीकडे गेली. क्षणभर तो तसाच राहिला, मग उठला आणि ढिगातून फाटक्या कानाचा ससा उचलून त्याने माझ्यापुढे ठेवला.

मी वहीत लिहिलं : ससा, पडवळ. पडवळ आमच्याकडे कधी शिजलं होतं, ते मला आठवत नाही.