हेडफोनची नवी वायर

बेचाळीसच्या फेब्रुवारीत हीरालाल शेठच्या बॅटरीवरच्या रेडिओचा हेडफोन बंद पडला आणि नंदुरबारातून गफूर कल्हईवाल्याला बोलावणं गेलं. गफूर बायकोला, हलीमाला, घेऊन लगेच आला. त्यांचा सलीम पलटणीबरोबर सिंगापुरात होता आणि लढाईच्या बातम्या त्याच हेडफोनात यायच्या.

वायर आतून तुटली होती. गफूरनं नव्या वायरची टोकं सोलून घासली आणि ओढ जोडावर पडू नये म्हणून कानाच्या डबीत तिला गाठ मारली. कल्हईचा नवसागर बारीक तारेला खातो, म्हणून राळ लावून त्यानं कथलाचा डाग देऊन ती जोडली. कानावरच्या झिजलेल्या गाद्यांच्या जागी हलीमानं बकरीच्या मऊ कातड्यात कापूस भरून नव्या गाद्या शिवल्या.

"गफूरभाई, पयले तूच आयक," शेठ म्हणाले.

गफूरनं हेडफोन कानाला लावला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. सिंगापूर पडलं होतं, सारी फौज शत्रूच्या हाती गेली होती.

"सलीमना पलटणनं काही सांगी ऱ्हायनात का?" हलीमानं पलटणीची खबर विचारली.

"नही. गाणं चालू शे."

तिनं हात पुढे केला, पण गफूरनं हेडफोन शेठकडे दिला. शेठनी तो कानाला लावला, गफूरच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हां बेन, गाणंच शे."